इटालियन जॅकेटचं लेबल वाचताना

इटलीहून कुणी नातेवाइकानं आणलेलं किंवा तिथल्या दुकानातून स्वतः घेतलेलं लोकरी जॅकेट घरात असेल, तर आज त्याच्या आतल्या शिवणीत दडलेली छोटी पट्टी बाहेर काढा. तिच्यावर दोन गोष्टी असतात: कापड कशाचं आहे ते शब्दांत आणि कसं धुवायचं ते चित्रांत. या दोन्ही एकमेकींच्या आधारानं वाचाव्या लागतात.

एक नेहमीचं लेबल घेऊ. पहिल्या ओळीत 'तेस्सुतो एस्तेर्नो', म्हणजे बाहेरचं कापड. त्यापुढे '80% लाना वेर्जिने, 20% पोलियाम्मिदे'. लाना म्हणजे लोकर, पोलियाम्मिदे म्हणजे आपलं नायलॉन. 'वेर्जिने' या शब्दाचा लोकरीच्या तलमपणाशी संबंध नाही. ही लोकर आधी कुठल्याही कपड्यात वापरलेली नाही, एवढंच तो सांगतो. नुसतं 'लाना' लिहिलेलं असेल तर ती जुन्या कपड्यांचे धागे सुटे करून पुन्हा कातलेली असू शकते. तोस्काना प्रांतातलं प्रातो शहर याच कामासाठी प्रसिद्ध आहे. अशी लोकर वाईट नसते. पण तिचे तंतू आखूड होतात, त्यामुळे घासल्या जाणाऱ्या जागी गोळे लवकर येतात. किंमत ठरवताना हे लक्षात घ्या.

दुसरी ओळ 'फोदेरा', म्हणजे अस्तर: '100% विस्कोझा'. माझ्या मते खरेदीदारानं सर्वांत आधी वाचावी अशी ओळ हीच, आणि नेमकी तीच कुणी वाचत नाही. विस्कोझा म्हणजे व्हिस्कोज, लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेयॉनचा धागा. तो मऊ आणि हवेशीर असतो, पण ओला झाला की त्याची ताकद बरीच घटते आणि कापड आटतं. लोकरीचं आटणं निराळं असतं. कोमट पाण्यात चोळली की तिचे तंतू एकमेकांत अडकतात आणि कापड नमद्यासारखं घट्ट होतं. दोन कापडं दोन वेगळ्या मापांनी आटली की अस्तराला चुण्या पडतात नाहीतर जॅकेटची खालची कड वर ओढली जाते. मग इस्त्रीनंही ते सरळ होत नाही.

जॅकेटला आकार देणारं आतलं कडक कापड, म्हणजे आपले शिंपी ज्याला कॅनव्हास किंवा बकरम म्हणतात ते, या यादीत बहुधा सापडणार नाही. युरोपच्या नियमानुसार ते लेबलवर सांगणं बंधनकारक नाही. ते पुष्कळदा गोंदानं चिकटवलेलं असतं. पाण्यानं तो गोंद सुटला की छातीवर फोड आल्यासारखे बुडबुडे दिसतात.

आता चित्रं बघा, म्हणजे ती तशी का आहेत ते कळेल. पाण्याच्या घमेल्यावर फुली असते: पाण्यात घालूच नका. त्रिकोणावर फुली, म्हणजे ब्लीच नको. चौकोनात गोल आणि त्यावर फुली, म्हणजे ड्रायरमध्ये वाळवू नका. इस्त्रीत दोन ठिपके, म्हणजे तापमान 150 अंशांपर्यंत. तुमच्या इस्त्रीवर अंश लिहिलेले नसतील तर चकतीवर 'वुल' अशी खूण असते, तिथे थांबा आणि मध्ये सुती कापड ठेवा. ही चित्रं कमाल मर्यादा सांगतात. त्याहून सौम्य वागलं तर चालतं, कडक वागलं तर नाही.

शेवटचं चित्र गोलाचं. ते तुमच्यापेक्षा लाँड्रीवाल्यासाठी आहे. गोलात पी असेल तर पर्क नावाचं ड्रायक्लीनिंगचं द्रावण चालतं आणि पेट्रोलियमची सौम्य द्रावणंही चालतात. एफ असेल तर फक्त पेट्रोलियमचीच, पर्क नको. गोलाखाली रेघ असली तर यंत्रातली घुसळण हलकी हवी. म्हणून कपडा देताना सरळ विचारा, 'दादा, पाण्यात धुणार की द्रावणात? द्रावण कुठलं?' उत्तर टाळलं गेलं तर जॅकेट परत घ्या. ड्रायक्लीनची पावती फाडून कपडा पाण्यात बुडवणारी दुकानं आहेत. परत आल्यावर अस्तराला चुण्या आणि छातीवर बुडबुडे दिसले तर तेच झालेलं असण्याची शक्यता मोठी.

नीट साफ होऊन आलेलं जॅकेटही प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कपाटात ठेवू नका. पिशवी काढा, सावलीत मोकळ्या हवेत द्रावणाचा वास जाईपर्यंत टांगा, आणि मग रुंद खांद्याच्या हँगरवर सुती कव्हरात ठेवा.