आत्याबाईंनी देऊ केलेली जागा

(महाडमध्ये महिलांच्या मेळाव्यात एका बँक सखीने केलेले भाषण)



मला आज विचारलंय की हातात आलेलं काम मी का नाकारलं. तेवढंच सांगते.

आमच्या ग्रामसंघाला लिपिका हवी होती. अध्यक्षा माझ्या आतेसासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्या घरी येऊन म्हणाल्या, "घरात शिकलेली सून असताना बाहेरची कशाला गो? सोमवारपासून वह्या हातात घे." वाईट हेतू नव्हता. उलट मायाच होती. आमच्या घराला मानधनाची गरजही होती.

मी म्हटलं, "आत्याबाई, काम मला हवंच आहे. पण सगळ्यांसमोर परीक्षा होऊ दे. पास झाले तर तुम्हालाही कुणी बोलणार नाही." त्या आठ दिवस बोलल्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "मानाचं ताट पायानं सरकवलंस." ते लागलं मनाला. पण नाही म्हणताना मी त्यांच्या मायेला नाही म्हटलं नव्हतं. फक्त वाट बदलायला सांगत होते.

हा नुसता मानाचा प्रश्न नव्हता. चेकवर सही आत्याबाईंची. त्याच पैशाचा हिशोब मी लिहिणार. सही करणारी आणि लिहिणारी एका घरातली, मग चूक विचारणार कोण? बाकीच्या बाया घरी कुजबुजतील, बैठकीत गप्प बसतील. आणि मला काम येतं की नाही, हे मलाही कधी कळणार नाही.

शेवटी बैठकीत ठराव झाला. जागेची माहिती प्रत्येक समूहात वाचून दाखवली. तिघींनी नावं दिली. प्रश्न काढायला आणि तपासायला दुसऱ्या गावची लिपिका बोलावली. निवडीच्या वेळी आत्याबाई बाहेर ओट्यावर बसल्या. हे मीच त्यांना विनवलं होतं.

परीक्षेतला एक हिशोब सांगते, म्हणजे कस कशाचा लागतो ते कळेल. समूहाच्या पेटीत आधीचे ६५० रुपये. दहा जणींची बचत १०० रुपयांप्रमाणे १,०००. एका ताईने कर्जापोटी २,२४० भरले. तिचं कर्ज १२,००० बाकी, व्याज महिन्याला २ टक्के. दुसरीला ३,००० कर्ज दिलं, ५०० बँकेत भरले. पेटीत किती उरले?

जमा ३,८९०, खर्च ३,५००, शिल्लक ३९०. तिघींचंही बरोबर आलं. पण खरी मेख पुढे होती. २,२४० मधले २४० व्याज, २,००० मुद्दल. म्हणजे त्या ताईकडे बाकी १०,०००. मी घाईत सगळे २,२४० मुद्दलात धरायला निघाले होते. तसं लिहिलं असतं तर बाकी ९,७६० दिसली असती आणि समूहाचे २४० रुपये वहीतून गायब झाले असते. पेटी जुळलेली, तरी हिशोब चुकलेला! म्हणून बायांनो, नुसती रोकड मोजून उठू नका. प्रत्येकीचं कर्जाचं पान उघडा, मुद्दल आणि व्याज वेगळं लिहिलंय का ते बघा.

माझं उत्तर शेवटी बरोबर आलं. पण वाडीवरच्या एका ताईचं इतिवृत्त माझ्यापेक्षा चांगलं होतं. कोण काय बोललं, काय ठरलं, कुणी सूचक, कुणी अनुमोदक, सगळं नीट. जागा तिला मिळाली. मी दुसरी आले. घरात म्हणाले, "बघ, हातचं घालवलंस." खरंच घालवलं होतं. वर्षभराचं मानधन गेलं, ते मी लपवत नाही.

पण आपण कुठे कच्च्या आहोत ते कळलं. पुढे बँकेची बीसी सखी होण्यासाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची परीक्षा दिली. ती संगणकावर होते, तिथे आत्याबाई कुणाच्याच नसतात. आज बाया माझ्याकडे अंगठा लावून पैसे काढतात, तेव्हा ही कुणाची सून म्हणून नाही, हिशोब येतो म्हणून विश्वास ठेवतात.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. नातेवाइकाने जागा निघाल्याची बातमी दिली, अर्ज कसा भरायचा ते शिकवलं, तर अवश्य घ्या. फक्त तीच बातमी शेजारच्या वाडीलाही मिळाली पाहिजे. बातमी घ्यावी, खुर्ची घेऊ नये.

आपण महाडमध्ये बसलोय. चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला होता. तरी बाबासाहेबांसोबत लोकांनी त्यातलं पाणी प्यायलं ते २० मार्च १९२७ ला. ती लढाई फार मोठी होती, आपल्या जागेशी तिची बरोबरी नाही. पण कागदावर खुलं असणं आणि खरंच खुलं असणं यात किती अंतर असतं, ते या गावाला माहीत आहे. पुढच्या बैठकीत तुमच्या ग्रामसंघातली जागा भरायची असेल, तर आधी एवढंच विचारा : ही बातमी शेवटच्या वाडीपर्यंत गेली का?