सरांचा अर्धा राहिलेला तास

(१९८४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात २५ फेब्रुवारी २०२४ रोजी केलेलं भाषण)



स्वागत समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय तिसऱ्या बाकावरच्या आपल्या मित्राने दिला आहे. त्याचा जन्म २९ फेब्रुवारी १९६८ चा. शाळेत आपण त्याला चार वर्षांतून एकदाच वाढणारा मुलगा म्हणून पुरेसं छळलं आहे. येत्या गुरुवारी त्याचा चौदावा वाढदिवस. तो म्हणाला, "छप्पन्न वर्षं ऐकून घेतलं, आता निदान माझी तारीख कुठे गायब होते ते तरी सांग."

मी हो म्हणालो, त्याला कारण आहे. आठवीत भूगोलाच्या तासाला सरांनी विचारलं होतं, लीप वर्ष कसं ओळखायचं? सगळ्यांनी ओरडून सांगितलं, चारने भाग जातो ते. सर म्हणाले, "मग १९०० साल लीप का नव्हतं?" वर्ग गप्प. सर पुढे म्हणाले, "शंभरने भाग जाणारी वर्षं लीप धरत नाहीत, पण..." आणि तास संपल्याची घंटा झाली. त्या 'पण'नंतरचं मी ऐकलं नाही. त्याची किंमत मला पुढे मोजावी लागली. ते सांगतोच.

आधी मूळ प्रश्न. वर्षात पूर्ण दिवस का बसत नाहीत?

तळहातावर भोवरा फिरवत आपल्या मैदानाला एक चक्कर मारायची आहे असं समजा. कडुनिंबापासून निघून परत कडुनिंबापाशी आलात. तेवढ्यात भोवऱ्याचे किती फेरे झाले? कितीही होतील, नेमके पूर्णच व्हावेत असं काही कारण नाही. भोवरा तुमच्या पावलांना बांधलेला नाही. पृथ्वीचंही तसंच आहे. स्वतःभोवती फिरणं हे एक आणि सूर्याभोवती फिरणं हे दुसरं. त्यांना जोडणारी दोरी नाही. चंद्राची गोष्ट वेगळी आहे. पृथ्वीच्या ओढीने त्याचं स्वतःभोवतीचं फिरणं कोट्यवधी वर्षांत मंदावत गेलं, आणि आता त्याची गिरकी आणि पृथ्वीभोवतीची फेरी बरोबर एकाच वेळी पुरी होते; म्हणून आपल्याला त्याची एकच बाजू दिसते. सूर्याने पृथ्वीला असं जखडलेलं नाही.

तेव्हा ऋतूंचं एक चक्र पुरं व्हायला ३६५ दिवस आणि वर सुमारे ५ तास ४९ मिनिटं लागतात. ही वरची रक्कम पाव दिवसाच्या जवळ आहे, पण पाव दिवस नाही. अकरा मिनिटं कमी आहे. आजचं सगळं भाषण त्या अकरा मिनिटांचं आहे.

हे कुणालाही घरी पडताळता येतं. मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो तो क्षण म्हणजे वसंतसंपात. पंचांगकर्ते त्याची वेळ काढतात. आपल्या घड्याळाने २०२० मध्ये तो २० मार्चला सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी झाला. २०२१ मध्ये त्याच तारखेला दुपारी ३ वाजून ७ मिनिटांनी. २०२२ मध्ये रात्री ९ वाजून ३ मिनिटांनी. २०२३ मध्ये तर मध्यरात्र ओलांडून २१ मार्चच्या पहाटे २ वाजून ५४ मिनिटांनी. म्हणजे संपात दरवर्षी पावणेसहा-सहा तास पुढे सरकतोय. प्रत्यक्षात सूर्य उशिरा येत नाही. आपण ३६५ दिवसांनी वर्ष संपलं असं जाहीर करून मोकळे होतो, आणि पृथ्वीची फेरी तेव्हा थोडी बाकी असते.

या वर्षी आपण २९ फेब्रुवारी घालतोय. त्यामुळे येत्या २० मार्चला संपात सकाळी ८ वाजून ३६ मिनिटांनी होईल. आता २०२० शी ताडून बघा. तेव्हा ९.२०, आता ८.३६. फरक ४४ मिनिटांचा. चार वर्षांची वरकड २३ तास १६ मिनिटं झाली होती आणि आपण २४ तासांचा अख्खा दिवस मोजून दिला. दरवर्षी अकरा मिनिटं जास्त, चार वर्षांत चव्वेचाळीस. (वर्षावर्षाचा फरक अगदी सारखा नसतो. चंद्र आणि इतर ग्रह पृथ्वीला थोडं इकडेतिकडे ओढतात, त्यामुळे दोन-चार मिनिटं कमीजास्त होतात. सरासरी मात्र पक्की.)

दर चार वर्षांनी एक दिवस हा नियम ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४५ मध्ये आणला. सल्ला अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीसचा होता. त्या आधी रोमचं कॅलेंडर इतकं विस्कटलं होतं की, ते ऋतूंशी जुळवून घ्यायला सीझरला एक वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. आणि मग गंमत झाली. पुढच्याच वर्षी सीझरचा खून झाला आणि नियम ज्यांच्या हाती होता त्या पुरोहितांनी तो चुकीचा ऐकला! रोमन लोक मोजताना पहिलं आणि शेवटचं दोन्ही धरत, त्यामुळे 'दर चौथ्या वर्षी' याचा अर्थ त्यांनी दर तीन वर्षांनी असा घेतला. छत्तीस वर्षांत नऊऐवजी बारा लीप वर्षं झाली. शेवटी ऑगस्टसने पुढची काही लीप वर्षं गाळून हिशेब बरोबर केला. हे वाचल्यापासून मला त्या पुरोहितांविषयी फार जवळीक वाटते.

नियम सुधारला तरी अकरा मिनिटं साचतच होती. १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. इसवी सन ३२५ च्या सुमारास २१ मार्चला येणारा संपात १५८२ पर्यंत ११ मार्चवर आला होता. ईस्टरचा सण या संपातावरून ठरतो, म्हणून चर्चला ते खटकलं. लुइजी लिलिओ या इटालियन वैद्याची योजना पोप तेरावे ग्रेगरी यांनी मान्य केली. दहा दिवस काढून टाकले. ४ ऑक्टोबर १५८२, गुरुवार. दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार. वारांची माळ तुटू दिली नाही, फक्त तारखा उडवल्या.

इंग्रजांनी पोपचं ऐकायला १७५२ साल उजाडू दिलं. त्याचा आपल्याशीही संबंध आहे. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या, सीझरच्या पद्धतीची आहे. आज वापरतो त्या पद्धतीने तोच दिवस १६ जून येतो. वार दोन्हीकडे शनिवारच, आणि आपली ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी जागची हललेली नाही.

मागचे दहा दिवस काढले, पण पुढे ते साचू नयेत यासाठी काय? ४०० वर्षांत अकरा मिनिटांचे सुमारे तीन दिवस होतात. म्हणून ४०० वर्षांतली तीन लीप वर्षं कमी करायची. कोणती, हे लोकांच्या लक्षात राहिलं पाहिजे. म्हणून शतकाची वर्षं निवडली. १७००, १८००, १९०० लीप नाहीत. पण चौथं शतकी वर्ष, म्हणजे ४०० ने भाग जाणारं, लीप ठेवायचं. सर, तुमच्या 'पण'पुढे हे होतं.

मला ते कळलं २९ फेब्रुवारी २००० रोजी, मंगळवारी.

तेव्हा मी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात होतो. तारखांचा प्रोग्रॅम मी लिहिला होता, आणि मोठ्या अभिमानाने त्यात शंभरने भाग जाणारी वर्षं गाळली होती. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र आम्ही सगळ्यांनी बँकेत चहा पीत जागून काढली. एक जानेवारीला सगळं सुरळीत. पेढे वाटले. मग सोमवारी, २८ फेब्रुवारीला, संध्याकाळी रोजच्याप्रमाणे दिवस बंद केला आणि मशीनने दुसऱ्या दिवसाची तारीख घेतली १ मार्च.

सकाळी एका शाखेतल्या कॅशियर बाईंच्या लक्षात आलं. त्यांच्या हातातल्या रबरी शिक्क्यावर २९ फेब्रुवारी होती आणि छापून आलेल्या पासबुकात १ मार्च. तोवर दुसऱ्या एका शाखेत २९ तारखेचा चेक मशीन घेईना, अशी तारीखच नाही म्हणे. ग्राहक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवत होता. दुपारपर्यंत काऊंटर बंद ठेवावे लागले. प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती एका ओळीची होती, पण चुकीच्या तारखेने झालेल्या नोंदी हातांनी उलटवायला आम्हाला रात्रीचे दोन वाजले. शिवाय ज्या मुदत ठेवींच्या मध्ये तो दिवस येत होता, त्यांचं व्याज एका दिवसाने कमी निघत होतं, ते सगळं पुन्हा काढलं. मॅनेजर साहेबांनी विचारलं, "हा शंभरचा नियम तुम्हाला कुणी शिकवला?" मी शाळेचं नाव सांगितलं नाही.

खरं दुखलं ते वेगळंच. माझा एक सहकारी फक्त 'चारने भाग' एवढंच जाणत होता. त्याने लिहिलं असतं तर काहीही बिघडलं नसतं! अडाण्याचा नियम २००० साली बरोबर आणि माझा चूक. त्याचा नियम चुकेल २१०० मध्ये, आणि तेव्हा तक्रार करायला आमच्यापैकी कुणी नसेल.

हा चारशे वर्षांचा नियमही अगदी तंतोतंत नाही. वर्षाला सुमारे २६ सेकंद अजून जास्त मोजली जातात, त्यांचा एक दिवस व्हायला तीन हजारांवर वर्षं लागतील. पण तितक्या पुढचा नियम आज करण्यात अर्थ नाही, कारण चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीने पृथ्वीची गिरकीही किंचित मंदावते आहे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांच्या अंगावरच्या बारीक रेघा मोजल्या, तेव्हा त्या काळी वर्षात ४०० च्या आसपास दिवस असावेत असं दिसलं. भोवराच दमत चालला आहे, तर हिशेब कायमचा कसा लिहायचा?

आता तिसऱ्या बाकासाठी. मित्रा, तू जन्मलास तो २९ फेब्रुवारी गुरुवार होता. तुझी तारीख गुरुवारी पुन्हा आली १९९६ मध्ये, आणि आता या आठवड्यात. मध्ये शतकाचा खाडा नसला की दर २८ वर्षांनी वार जुळतो. २००० साल लीप राहिलं म्हणून तुझी ही माळ तुटली नाही. २०९६ मध्ये तुझ्या तारखेला जन्मणाऱ्याला मात्र पहिल्या वाढदिवसासाठी २१०४ पर्यंत, आठ वर्षं थांबावं लागेल. तुझं त्या मानाने बरं चाललं आहे.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता त्याच्या घरी जमायचं ठरलं आहे. वहिनींनी निरोप दिलाय, मेणबत्त्या चौदाच आणा. सर, तुम्हीही या. घंटा तिथे कुणी वाजवणार नाही.