आधी अडीनडीचा पैसा, की म्हातारपणाचा?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त संस्थेच्या सभागृहात तरुण सभासदांसाठी झालेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला विषय दिला तो असा : मुलगा किंवा मुलगी नुकती नोकरीला लागली, पगार बेताचा, तर शिल्लक पडेल ते आधी अडीनडीसाठी ठेवायचं की निवृत्तीसाठी? बँकेत काउंटरच्या आत बसून हा प्रश्न मी अनेकांच्या पासबुकात बघितला आहे. तेव्हा उपदेश कमी आणि हिशेब जास्त, असं आजचं धोरण आहे.

सुरुवात आपल्या सोसायटीपासूनच करू. मेंटेनन्सच्या बिलात दोन वेगळे आकडे असतात, दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. म्हणजे दुरुस्तीला तिप्पट. पंप जळाला, पाइप फुटला, तर दुरुस्ती निधीतून भागवायचं. सिंकिंग फंड इमारत थकल्यावरच्या मोठ्या कामासाठी, त्याला एरवी हात लावायचा नाही. दुरुस्ती निधी रिकामा असला की मात्र सगळ्यांचे डोळे सिंकिंग फंडाकडे वळतात. माणसाच्या पैशाचंही तसंच होतं.

आता एक मुलगा समोर ठेवू. वय 23, शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपवर कामाला. पगार 17,000, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 15,000. पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,800 कापले जातात, ईएसआयचे 128, व्यवसाय कर 200. हातात येतात 14,872. घरी सात हजार देतो, पेट्रोलला दोन हजार, मोबाइल आणि बाहेरचं चहापाणी हजारभर. हा दहा हजारांचा खर्च चुकत नाही. बाकी कपडालत्ता, सणवार, मित्रमंडळी जाऊन महिन्याला दोन हजार बाजूला पडू शकतात, ओढून-ताणून. प्रश्न आहे तो या दोन हजारांचा.

पण त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. या मुलाची निवृत्तीची बचत सुरू झालेलीच आहे. त्याचे 1,800 जातात तेवढेच मालकही घालतो. मालकाच्या वाट्यातले 1,250 पेन्शन योजनेत जातात आणि 550 त्याच्या पीएफ खात्यात. म्हणजे खात्यात महिन्याला 2,350 जमा होतात, वर्षाला 28,200. त्यावर 2024-25 सालचा व्याजदर 8.25 टक्के होता. "पीएफ कापू नका, पगार रोख द्या" असं काही पोरं ठेकेदाराला सांगतात. तसं कधी सांगू नका. मालकाचा वाटा सोडून देण्याइतकं महाग दुसरं काही नाही.

तेव्हा पीएफ चालू आहे तसा चालू द्यायचा, आणि स्वतःच्या खिशातले दोन हजार आधी अडीनडीच्या निधीत टाकायचे. माझं उत्तर एवढंच आहे. आता ते का, ते सांगतो.

समजा, हा निधी केलाच नाही आणि वीस हजारांची नड आली. गाडी आपटली, वडिलांचं काम दोन महिने बंद पडलं, काहीही असू शकतं. एवढ्या पगारावर तातडीनं कर्ज मिळतं ते बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडून, महिना पाच टक्क्यांनी. ऐकायला पाच टक्के बारीक वाटतात. पण वीस हजारांवर महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज होतं. आपला मुलगा दोन हजारांचा हप्ता भरत राहिला तर पहिल्या हप्त्यातला निम्मा व्याजातच जातो आणि कर्ज फिटायला चौदा महिन्यांच्या वर लागतात. वीस हजारांचे अठ्ठावीस हजारांहून जास्त भरावे लागतात. आता उलट बघा. तेच दोन हजार आधीपासून बाजूला टाकले असते, तर पंधरा महिन्यांत तीस हजार उभे राहिले असते. जवळजवळ तेवढाच काळ, तेवढाच हप्ता. एकात शेवटी हातात तीस हजार, दुसऱ्यात शून्य.

दुसरा मार्ग म्हणजे पीएफ काढणं. तो सावकारापेक्षा सभ्य दिसतो, कारण पैसा आपलाच असतो. तीन वर्षं काम केल्यावर या मुलाच्या खात्यात व्याजासह साधारण 95 हजार असतील. नोकरी बदलताना मध्ये दोन-तीन महिने रिकामे गेले, हातात काही नाही, की फॉर्म भरून ही रक्कम काढली जाते. आता 72 चा जुना बँकेचा हिशेब लावा. व्याजदरानं 72 ला भागलं की रक्कम दुप्पट व्हायची वर्षं मिळतात. पुढचा दर कोणी सांगू शकत नाही, म्हणून आठ धरू. नऊ वर्षांत दुप्पट. 26 व्या वर्षी काढलेले 95 हजार तसेच राहिले असते तर 35 व्या वर्षी 1 लाख 90 हजार, 44 व्या वर्षी 3 लाख 80 हजार, 53 व्या वर्षी 7 लाख 60 हजार आणि 58 व्या वर्षी 11 लाखांच्या पुढे. दोन-तीन महिन्यांची अडचण भागवायला तो अकरा लाख मोडून बसतो.

त्यातच पेन्शनचा पैसाही काढला तर सेवेची वर्षं पुसली जातात. पेन्शनला किमान दहा वर्षं सेवा लागते. म्हणून नोकरी बदलली की यूएएन नंबर तोच ठेवून खातं नव्या ठिकाणी वर्ग करा. मध्ये खंड पडणार असेल तर पेन्शनच्या पैशाऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे जुनी वर्षं पुढे मोजली जातात.

अशी वेळ क्वचित येते असं कोणाला वाटत असेल तर कोल्हापूरकरांनी तरी तसं म्हणू नये. ऑगस्ट 2019 ला महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. मार्च 2020 ला लॉकडाउन. जुलै 2021 ला पुन्हा महापूर. दोन वर्षांत तीन वेळा कामं बंद! लॉकडाउनमध्ये सरकारनं पीएफमधून खास आगाऊ रक्कम काढायची सवलत दिली, तीन महिन्यांचं वेतन किंवा शिलकीच्या 75 टक्के, यात जे कमी असेल ते. ज्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं त्यांना ती घ्यावीच लागली. ज्यांच्याकडे तीन महिन्यांचा निधी होता त्यांचा पीएफ शाबूत राहिला.

"पण काका, लहान वयातली बचत सर्वात जास्त वाढते, मग पंधरा महिने का वाया घालवायचे?" असं मला एका मुलीनं विचारलं. शंका बरोबर आहे, म्हणून तोही हिशेब मांडतो. महिना दोन हजार, सात टक्क्यांनी, 35 वर्षं भरले तर सुमारे 36 लाख होतात. पंधरा महिने उशिरा सुरू केले तर सुमारे पावणेतेहेतीस लाख. फरक सव्वातीन लाखांचा. तोही पुरा तोटा नाही, कारण निधीतले तीस हजार कुठे गेले नाहीत, व्याजासह आपल्याच नावावर आहेत. एका बाजूला हा तोटा, दुसऱ्या बाजूला पीएफ एकदा मोडल्याचे अकरा लाख. तुम्हीच ठरवा.

निधी किती करायचा? पगाराच्या नाही, चुकत नाही अशा खर्चाच्या पटीत मोजा. पहिला टप्पा एक महिन्याचा, म्हणजे आपल्या मुलाला दहा हजार. पाच महिन्यांत होतो. दिवाळीचा बोनस किंवा ओव्हरटाइम यात घातला तर त्याआधीही. दुसरा टप्पा तीन महिन्यांचा, तीस हजार. तिथं थांबायचं. ईएसआय असेल तर कुटुंबाच्या औषधोपचाराचा मोठा भार त्यावर जातो, म्हणून तीन महिने पुरतात. ईएसआय नसेल, किंवा घरात कमावणारं एकच माणूस असेल, तर पाच-सहा महिन्यांचा करा.

ठेवायचा कुठे? पहिले दहा हजार वेगळ्या बचत खात्यात. त्या खात्याला यूपीआय जोडू नका, नाहीतर ते वडापावातच संपेल. पुढचे वीस हजार पाच-पाच हजारांच्या चार मुदत ठेवींत. मुदतीआधी मोडता येते अशीच ठेव घ्या. पाच हजारांची गरज पडली तर एकच पावती मोडते, बाकीच्या चालू राहतात. भिशीत हा पैसा नको, कारण भिशी आपला नंबर लागेल तेव्हा मिळते आणि अडचण नंबर बघून येत नाही. पतसंस्था अर्धा-एक टक्का जास्त देते हे खरं, पण पाच लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना तो नाही. या पैशाचं काम वाढणं नाही, मागितल्या दिवशी मिळणं आहे.

आणि अडचण म्हणजे काय, तेही आधी ठरवा. गणपती, जत्रा, बहिणीचं लग्न, गाडीचा विमा यांच्या तारखा आपल्याला माहीत असतात. ती अडचण नव्हे, तो ठरलेला खर्च. त्याची सोय वेगळी करायची. निधीतून खर्च झाला तर पुढचे हप्ते आधी तो भरून काढायला, मग बाकी सगळं.

तीस हजार झाले की सोळाव्या महिन्यापासून तेच दोन हजार निवृत्तीकडे वळवा. पोस्टात किंवा बँकेत पीपीएफ उघडा. हप्ता हाताला सवयीचा झालेला असतो, नवीन ओढाताण होत नाही.

ज्यांना पीएफच नाही, म्हणजे दुकानातली मुलं, डिलिव्हरी करणारी मुलं, त्यांच्यासाठी थोडा फरक आहे. त्यांचं म्हातारपणाचं खातं आपोआप सुरू झालेलं नसतं. त्यांनी एक महिन्याचा पहिला टप्पा पुरा करून लगेच थोडं निवृत्तीसाठी सुरू करावं आणि उरलेला निधी जोडीनं वाढवावा. अटल पेन्शन योजनेत 25 व्या वर्षी महिना 376 रुपये भरले तर साठीनंतर महिना 5,000 पेन्शन मिळते. 35 वर्षांनी त्या पाच हजारांत आजच्याइतकं येणार नाही, म्हणून तेवढ्यावर भिस्त नको. शिवाय हा पैसा साठीपर्यंत अडकतो, मध्ये बाहेर पडलात तर सरकारची हमी जाते आणि स्वतःचं भरलेलं तेवढं वाढीसह परत मिळतं. म्हणूनच पहिला टप्पा आधी.

जाता जाता आई-वडिलांना एक विनंती. पोरगं नोकरी सोडून घरी आलं आणि म्हणालं, "बाबा, पीएफ काढून टाकतो," तर रागावू नका. महिना-दोन महिने घरी द्यायचे सात हजार त्याच्याकडून मागू नका, आणि तो पैसा खात्यातच राहू दे म्हणून सांगा. ज्या घराला हे जमेल, त्यानं आपल्या मुलाच्या म्हातारपणाला मोठा हातभार लावला असं समजा.