टाकीजवळच्या वहीतील एक ओळ



२०२५ च्या जानेवारीत पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण वाढले आणि पिण्याच्या पाण्यातील क्लोरीनची विचारपूस घरोघर होऊ लागली. शाळेतही ओ. टी. चाचणी होते, परंतु टीसीएल पावडर घालण्याची गरज पडली नाही, त्या दिवशी वहीत काय लिहावे, हे बहुधा ठरलेले नसते.

चाकणच्या कारखान्यांलगतची एखादी दोनशिक्षकी शाळा कल्पावी. सोमवारी सकाळी गुरुजींनी पाणी तपासले, वहीत ‘पाणी ठीक’ असे लिहिले आणि ते केंद्राच्या बैठकीस गेले. दुपारी बाईंनी वही उघडली. ‘ठीक’ म्हणजे क्लोरीन होते, की पावडर घालून ठीक केले? की नुसते गढूळ नव्हते? सावधगिरी म्हणून त्यांनी टीसीएल कालवून टाकीत सोडली. पाण्याला उग्र वास आला, आणि मुले शेजारच्या मजूरवस्तीतील पिंपाचे पाणी पिऊन आली. त्या पिंपाची चाचणी कोणीच केलेली नव्हती.

आता हीच नोंद अशी असती तर पाहा : ‘सोमवार, स. १०.२०. टाकीचे पाणी, वऱ्हांड्यातील नळ. ओ. टी. चाचणी : तत्काळ पिवळा रंग, ०.५. टीसीएल घातली नाही, क्लोरीन ०.२ हून अधिक. पुन्हा मंगळवारी.’ बाईंचा हात पावडरीच्या डब्याकडे गेलाच नसता.

यातील ‘तत्काळ’ हा शब्द गाळू नये. नळ थोडा वेळ वाहू द्यावा, नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यावे, संचावर सांगितलेले थेंब टाकावेत आणि पहिल्या दहा सेकंदांतच रंग पट्टीशी ताडून पाहावा. मुलांचा गलका ऐकून मध्येच वर्गावर जाऊन आलो, तर तेवढ्यात संयुक्त क्लोरीनचाही रंग चढतो आणि आकडा फुगतो. अशा वेळी चाचणी नव्याने करावी. (तपासलेले पाणी मात्र फेकून द्यावे, ते द्रव्य विषारी आहे.) दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन हवे. तेवढे नसेल तर ‘काही केले नाही’ असे लिहिण्यास आधारच उरत नाही.

‘पाणी शुद्ध आहे’ असेही लिहू नये. औद्योगिक पट्ट्यात तर मुळीच नको. पिवळा रंग केवळ क्लोरीनची साक्ष देतो. कारखान्याच्या सांडपाण्यातील धातू वा रसायने विहिरीत उतरली असतील, तर त्याविषयी तो मूक असतो. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच जावा लागतो.

आणि ओ. टी. द्रावण संपले असेल तर रकाना कोरा ठेवू नये. कोरा रकाना पाहून वाचणारा सारे काही ठीक असल्याचे समजतो. तेथे ‘तपासले नाही, द्रावण संपले, ग्रामपंचायतीस कळविले’ एवढे लिहावे, म्हणजे बाई त्या दिवशी पाणी उकळून घेण्याची व्यवस्था तरी करतील.