मुखवटा भिंतीवर टांगला की पाऊस कुठे जातो?

पनवेलहून बोलतोय. लोकलमध्ये इअरफोन लावून ऐकत असाल तर एक काम करा. समोरच्या खिडकीकडे बघा आणि तिथे एक मुखवटा टांगलाय असं समजा.

कसा दिसला? चेहऱ्यासारखा, बरोबर? समोरून, स्थिर, डोळ्यांच्या रेषेत. आपल्याला मुखवटे असेच माहीत असतात, कारण आपण ते बहुतेक वेळा भिंतीवर किंवा काचेच्या कपाटातच पाहिलेले असतात.

मी मागे मोखाड्याकडे बोहाडा बघायला गेलो होतो. रात्रीची वेळ, संबळ वाजतोय, सनई वाजतेय आणि अंधारातून एकेक सोंग नाचत येतंय. तिथे कोणी 'मुखवटा आला' म्हणत नाही. 'सोंग आलं' म्हणतात. सोंग म्हणजे मुखवटा, कपडे, पावलं, वाद्यं, नाचणारा माणूस, सगळं मिळून. कागदाच्या लगद्याचा मुखवटा हा त्यातला एक भाग. हा शब्द लक्षात ठेवा, कारण आज आपल्याला आफ्रिकेतल्या एका सोंगाकडे जायचंय.

पश्चिम आफ्रिकेत माली नावाचा देश आहे. तिथले बामाना लोक शेतकरी. त्यांचं एक प्रसिद्ध सोंग आहे, 'ची वारा'. आपला वारा नव्हे हं! 'ची' म्हणजे शेतीचे कष्ट आणि 'वारा' म्हणजे रानटी जनावर. गोष्ट अशी, की अर्धा माणूस अर्धा प्राणी असलेल्या ची वाराने माणसाला शेती शिकवली. म्हणून त्याच्या लाकडी रूपात हरणाची शिंगं असतात, पण अंगात जमीन उकरणाऱ्या प्राण्यांची लक्षणंही मिसळलेली असतात. त्यातलाच एक म्हणजे आपल्या कोकणात सापडतं तसं खवल्या मांजर.

आता मजा बघा. हा 'मुखवटा' चेहऱ्यावर लावतच नाहीत. विणलेली टोपी डोक्यावर घालायची, तिच्यावर हे लाकडी हरिण बांधायचं आणि टोपीपासून खाली वनस्पतींच्या काळ्या तंतूंचा घोळदार पोशाख सोडायचा. नाचणारा माणूस त्यात पूर्ण झाकला जातो. तो कमरेत वाकतो, दोन्ही हातांत काठ्या धरून जमिनीवर टेकवतो. म्हणजे चार पाय झाले! आणि नाच एकट्याचा नसतो. नर आणि मादी अशी जोडी असते, मादीच्या पाठीवर पिल्लू. दोन्ही सोंगं पुरुषच घेतात.

का जोडी? बामानांच्या समजुतीप्रमाणे नर म्हणजे सूर्य, मादी म्हणजे जमीन आणि पोशाखाचे लोंबणारे तंतू म्हणजे पाणी. ऊन, माती, पाऊस. शेतकऱ्याला आणखी काय लागतं?

आता म्युझियममध्ये या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या चित्रकारांना आफ्रिकन कोरीवकामाचं वेड लागलं. पिकासोने १९०७ मध्ये पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात असे मुखवटे पाहिले, हे तर प्रसिद्धच आहे. संग्राहकांना हवं होतं ते लाकूड, कारण त्यांच्या लेखी शिल्प म्हणजे लाकूड. पोशाख मागे राहिला, टोपीही बऱ्याचदा गेली. पुढे विक्रीत कित्येक जोड्याही फुटल्या. आज एखादं ची वारा पांढऱ्या भिंतीसमोर, लोखंडी दांडीवर, एकटंच ताठ उभं दिसतं.

दिसतं सुंदर, यात वाद नाही. पण हिशेब करा. तंतू गेले, म्हणजे पाऊस गेला. जोडीदार गेला, म्हणजे ऊन किंवा जमीन यातलं एक गेलं. काठ्या गेल्या, वाकणं गेलं, म्हणजे जमिनीशी असलेलं नातं गेलं. उरलं एक शोभिवंत हरिण.

याचा अर्थ म्युझियम खलनायक आहे असा नाही. तंतूंना कीड लागते, ते जपणं खरंच कठीण असतं. शिवाय गावात लाकूड झिजलं की नवं कोरतात. जुनं टिकलं ते पुष्कळदा संग्रहालयांमुळेच.

मग आपण काय करायचं? पुढच्या वेळी असं हरिण दिसलं तर आधी शिंगांकडे नका बघू, पायांकडे बघा. खालच्या लाकडात टोपीला बांधायची छिद्रं आहेत का? त्यांच्या कडा दोरीने घासून गुळगुळीत झाल्यात का? झाल्या असतील तर ते नाचलेलं असण्याची शक्यता जास्त. अर्थात ही खूणच, पक्का पुरावा नाही, कारण विक्रीसाठी खोटी झीजही करतात. मग पाटी वाचा. जोडीचा, पोशाखाचा, नाचाचा उल्लेख आहे का? शेजारी नाचाचा व्हिडिओ असेल तर आधी तो पूर्ण बघा, फोटो नंतर काढा.

आणि काहीच नसेल, तर मनातल्या मनात त्या हरणाखाली एक वाकलेला माणूस उभा करा. मोखाड्याच्या भाषेत सांगायचं, तर मुखवटा तुम्हाला दिसलाय. सोंग अजून यायचंय.

भेटू पुढच्या भागात!