दुकानदार म्हणेल ते पान उघडायचं
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत दिलेल्या माहितीचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणी दादर पूर्वेला उतरून हिंदमाताच्या कापडबाजारात गेल्या आहात. कुणी अस्तर आणायला, कुणी ब्लाउजपीसचे गठ्ठे आणायला. आता काही गट उलट दिशेने निघालेत, म्हणजे शिवलेला माल घेऊन तिथल्याच दुकानात दाखवायला. आज त्या दाखवण्याबद्दल बोलायचं आहे.

हिंदमाताचा दुकानदार माल कसा बघतो ते आठवा. गादीवर बसून समोर साड्या उलगडत असतो, शेजारी दोन गिऱ्हाइकं, एक फोन चालू. तो तुम्हाला पहिल्या पानापासून ऐकणार नाही. "खण आहे का? दाखवा. काठ कसा? नगाला काय? डझन घेतले तर?" असं कुठूनही कुठेही उडी मारतो. आणि आपली चित्रफीत, म्हणजे पॉवरपॉइंटची पानं, एकामागून एक अशीच चालते. त्याला गोधडी हवी असते आणि आपण पुढचं बटण दाबत नवव्या पानापर्यंत पळत असतो. तोवर त्याचं लक्ष गेलेलं असतं. पावसाळ्यात तर हे आणखी खरं. हिंदमाताचा भाग बशीसारखा खोलगट, जोराचा पाऊस आला की रस्त्यावर पाणी साचतं. अशा दिवशी गोधड्यांचं गाठोडं घेऊन जाण्यापेक्षा दोन नमुने पिशवीत आणि बाकी सगळं लॅपटॉपवर, हे बरं.

म्हणून पानांना हॉटेलातल्या मेनूकार्डासारखं करायचं. पहिल्या पानावर सगळे प्रकार, ज्यावर बोट ठेवाल ते पान उघडेल, आणि तिथून परत यायला बटण. हे करायला वेगळा खर्च नाही, पॉवरपॉइंटमध्येच सोय आहे. मी एका उदाहरणाने सांगते. समजा आपल्या गटाचे चार प्रकार आहेत: खणाचे ब्लाउज, शिवलेली नऊवारी, गोधडी, कापडी पिशव्या. प्रत्येकाचे तीन-तीन नमुने. आधी कागदावर मांडा, लॅपटॉप नंतर.

पान १ मेनू. पान २ खणाच्या विभागाचं, त्यावर तीन छोटी छायाचित्रं. पान ३, ४, ५ म्हणजे खणाचे तीन नमुने, मोठ्या छायाचित्रासह. मग ६ नऊवारी आणि तिचे ७, ८, ९. पान १० गोधडी, ११ ते १३ तिचे नमुने. पान १४ पिशव्या, १५ ते १७ नमुने. पान १८ भाव. पान १९ ऑर्डर: किती दिवसांत माल, कमीत कमी किती नग, संपर्क. अशी झाली एकोणीस पानं. भाव मुद्दाम एकाच पानावर ठेवला. नमुन्याच्या बारा पानांवर भाव लिहिलात तर कापड महागलं की बारा ठिकाणी बदलावं लागेल, आणि एक तरी राहून जाईल.

आता पानांना नावं द्या. हे लहानसं काम लोक टाळतात. पानाच्या वरच्या शीर्षकाच्या चौकटीत "खण – विभाग", "खण १" असं लिहा. कारण दुवा जोडताना पॉवरपॉइंट तुम्हाला पानांची यादी दाखवतो, आणि ती यादी शीर्षकांची असते. शीर्षक नसेल तर नुसतं `Slide 7` दिसतं, आणि सातवं पान कोणतं ते मोजत बसावं लागतं.

मग मेनूच्या पानावर चार मोठे चौकोन काढा, त्यात प्रकाराचं नाव आणि छोटं चित्र. भाव आणि ऑर्डरसाठी आणखी दोन. खणाच्या चौकोनाच्या कडेवर क्लिक करून तो अख्खा निवडा. `Insert` मध्ये `Link` दाबा, किंवा `Ctrl+K`. डावीकडे `Place in This Document` निवडा, यादीतून "खण – विभाग" उचला, `OK`. झाला एक दुवा. अक्षरं निवडून दुवा दिला तर ती अक्षरं रंग बदलतात, खाली रेघ येते, आणि बोट फक्त अक्षरांवरच लागावं लागतं. अख्ख्या चौकोनाला दिला तर त्यात कुठेही दाबलं की चालतं. म्हणून कडेवर क्लिक.

आकाराचं एक गणित सांगते. रुंद पानाची रुंदी साधारण ३३.९ सेंटीमीटर असते. हेच पान मोबाईलवर आडवं धरलं तर जेमतेम १४ सेंटीमीटरचं होतं, म्हणजे अर्ध्याहूनही कमी. पानावर एक सेंटीमीटर उंच बटण काढलं तर मोबाईलवर ते चार मिलिमीटरचं दिसेल, बोटाने दाबताच येणार नाही. अडीच सेंटीमीटर काढलं तर मोबाईलवर एक सेंटीमीटर होतं, बोटाच्या मापाचं. बटणं मोठी दिसतात, लॅपटॉपवर जरा भडकही वाटतात. वाटू द्या.

"मेनू" आणि "भाव" ही दोन बटणं सगळ्या पानांवर लागतात. ती एकोणीस वेळा चिकटवू नका. `View` मध्ये `Slide Master` उघडा, डाव्या पट्टीतल्या सगळ्यात वरच्या मोठ्या पानावर दोन बटणं काढा, तिथेच दुवे द्या, आणि `Close Master View`. आता ती सगळीकडे दिसतील. "मेनू" बटणासाठी तयार घराचं चित्र मिळतं, पण ते ठरावीक "पहिलं पान" उघडतं. पुढे कुणी मेनूच्या आधी गटाच्या नावाचं पान घातलं की घर तिकडेच नेईल. दुवा मेनूच्या पानालाच द्या, मग पानं मागेपुढे केली तरी तो त्याच पानामागे जातो. पान काढून टाकलं तर मात्र दुवा मरतो, दाबलं तरी काही होत नाही.

आता सगळ्यात गोंधळ करणारं बटण: "मागे".

पॉवरपॉइंटमध्ये `Action` खाली `Last Slide Viewed` असा पर्याय आहे, म्हणजे आत्ता ज्या पानावरून आलो तिथे परत. ऐकायला छान वाटतं, आणि सगळ्या पानांवर तेच लावावंसं वाटतं. पण चालवून बघा काय होतं. दुकानदार "खण २" बघतोय, त्याने "भाव" दाबलं. भाव पाहिला, "मागे" दाबलं, परत "खण २" वर आला. इथवर ठीक. आता त्याला खणाचे बाकीचे नमुने हवे, म्हणून त्याने "खण २" वरचं "मागे" दाबलं. शेवटचं बघितलेलं पान कुठलं? भाव! तो परत भावावर. पुन्हा मागे, परत खण २. असा विहिरीभोवतीच्या बैलासारखा फिरत राहतो, आणि बटणं बिघडली असं समजतो. बटणं बिघडलेली नसतात, त्यांना सांगितलेलंच तसं असतं.

म्हणून नियम असा ठेवा. नमुन्याच्या पानावरचं "मागे" हे त्याच्या विभागाच्या पानाला नेमकं बांधायचं, म्हणजे "खण २" वरून नेहमी "खण – विभाग". `Last Slide Viewed` फक्त भावाच्या पानावर, कारण तिथे माणूस बारा ठिकाणांहून येतो आणि जिथून आला तिथेच जायचं असतं. ते देण्यासाठी बटण निवडून `Insert`, मग `Action`, `Hyperlink to`, आणि यादीतून `Last Slide Viewed`.

हाताचं काम वाचवायची एक युक्ती आहे. "खण १" वर छायाचित्र, मजकूर, "मागे" बटण सगळं नीट करा, मग डाव्या पट्टीत ते पान निवडून `Ctrl+D` दाबा. त्याची जशीच्या तशी प्रत निघते, दुव्यासकट. फक्त छायाचित्र आणि शीर्षक बदलायचं. पण तीच प्रत नऊवारीला वापरली तर "मागे" बटण अजून खणाकडेच नेतं. डोळ्याला काही कळत नाही, बटण तसंच दिसतं. नव्या विभागाच्या पहिल्या नमुन्यावर दुवा बदला, मग त्याच्या प्रती काढा.

साधं काम चालू असताना क्लिक केलं तर पॉवरपॉइंट चौकोन फक्त निवडतो, उघडत नाही. "दुवा लागला नाही" असं समजून लोक पुन्हा पुन्हा लावतात. तपासायचं ते `F5` दाबून, पूर्ण पडद्यावर.

तपासणीआधी आणखी एक सेटिंग करा. `Slide Show` मध्ये `Set Up Slide Show`, तिथे `Browsed at a kiosk` निवडा. आता बटणाबाहेर कुठेही क्लिक झालं तरी पान पुढे सरकणार नाही, बाणाच्या कळाही चालणार नाहीत, फक्त तुमची बटणं चालतील. दुकानदाराचा हात चुकून लागला तरी गोंधळ नाही. अट एकच, एखाद्या पानावर बटण राहिलं असेल तर तिथे अडकाल, बाहेर पडायला `Esc` दाबावं लागेल. तपासणीला मात्र ही अडचण उपयोगाची आहे. कागदावर १ ते १९ लिहा आणि मेनूवरून निघून प्रत्येक पानावर जा, प्रत्येक नमुन्यावरून "मागे" दाबून वरचं शीर्षक वाचा, बरोबर आलं की टीक करा. शक्यतो ज्या ताईने हे बनवलं नाही तिच्या हातात द्या. बनवणारी नेहमीच्याच वाटेने फिरते, दुसरी कुठेही बोट लावते.

शेवटी `Save As` करून प्रकार `PowerPoint Show` निवडा, फाईलच्या नावाला `.ppsx` लागेल. ती उघडली की थेट मेनू पूर्ण पडद्यावर येतो. बदल करायची मूळ `.pptx` फाईल वेगळी जपा. छायाचित्रं फाईलमध्येच ठेवा. बाहेरच्या फाईलला दुवा दिला आणि ती लॅपटॉपवर जागा बदलली, किंवा दुकानदाराला पाठवताना मागे राहिली, तर तो दुवा उघडणार नाही.

व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर ध्यानात ठेवा, समोरच्याने ती नुसती चाळली, पूर्ण पडद्यावर चालवली नाही, तर बटणं चालतीलच असं नाही. तो बोटाने एकेक पान सरकवेल. म्हणूनच सुरुवातीला आपण खणाच्या विभागामागे खणाचेच नमुने ठेवले, त्यामागे नऊवारी. बटणं नसली तरी क्रम समजतो. पाठवण्याआधी आपल्याच दुसऱ्या मोबाईलवर पाठवून एकदा उघडून बघा, आणि सोबत एक ओळ लिहा: "फाईल उघडून स्लाईड शो सुरू करा, मग हवा तो प्रकार दाबा."