एका स्फटिकावर दोन हजार चॅनेल

फौजेत माझी नोकरी सिग्नल्समध्ये झाली, त्यामुळे आजचा विषय वायरलेस सेटच्या पोटातला आहे. ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये २५ किलोहर्ट्झच्या अंतराने चॅनेल मांडले, तर ते दोन हजारांवर जातात. जुन्या सेटमध्ये प्रत्येक चॅनेलला वेगळा क्वार्ट्झचा स्फटिक लागे. आता एकच स्फटिक सगळे चॅनेल सांभाळतो. हे काम फेज-लॉक्ड लूप, म्हणजे पीएलएल करतं.

क्वार्ट्झला व्होल्टेज दिलं की तो किंचित आकार बदलतो आणि ठरावीक गतीने थरथरतो. ही गती त्याच्या जाडीवर आणि कापावर अवलंबून असते. म्हणून तो फार स्थिर असतो, पण हवी ती फ्रिक्वेन्सी काही देत नाही. उलट कॉइल आणि व्हॅरॅक्टर डायोडचा ऑसिलेटर कुठेही फिरतो. व्हॅरॅक्टरवरचं व्होल्टेज बदललं की त्याची कपॅसिटी बदलते आणि त्याबरोबर फ्रिक्वेन्सीही. याला व्हीसीओ म्हणतात. हा गडी चपळ आहे, पण भरवशाचा नाही. ऊन लागलं तरी सरकतो.

आता एक चॅनेल लावू या, ४६.१५० मेगाहर्ट्झ. स्फटिक ६.४ मेगाहर्ट्झचा आहे. त्याला २५६ ने भागलं की बरोबर २५ किलोहर्ट्झ मिळतात. दुसऱ्या बाजूला व्हीसीओची फ्रिक्वेन्सी १८४६ ने भागायची. ती ४६.१५० असेल तर तिथेही २५ किलोहर्ट्झच येतील. चॅनेल बदलायचा म्हणजे फक्त हा १८४६ चा आकडा बदलायचा. १८४७ केला की पुढचा चॅनेल.

हे दोन्ही ठोके फेज डिटेक्टरकडे जातात. समजा व्हीसीओ ४६.२०० वर पळाला. १८४६ ने भागल्यावर साधारण २५,०२७ हर्ट्झ येतात, म्हणजे त्याचे ठोके स्फटिकाच्या ठोक्यांआधी पोचू लागतात. डिटेक्टर लगेच कपॅसिटरमधला चार्ज थोडा काढून घेतो, व्होल्टेज उतरतं, व्हीसीओ मंदावतो. तो मागे पडला तर उलटं होतं.

इथे तुलना फ्रिक्वेन्सीची न करता फेजची का, हे नीट समजून घ्या. परेडमध्ये शेजारचा जवान ढोलाच्या तालापेक्षा जरासा जलद चालला, तर पहिल्या पावलात फरक दिसत नाही. पन्नास पावलांनंतर तो ओळीच्या बाहेर असतो. फ्रिक्वेन्सीतला बारीकसा फरकही फेजमध्ये असाच साठत जातो आणि साठला की पकडला जातो. म्हणून लॉक झालेल्या लूपमध्ये सरासरी फ्रिक्वेन्सी 'जवळजवळ' बरोबर नसते, स्फटिकाच्या हिशेबाने ती तंतोतंत बरोबर असते.

अर्थात स्फटिकच चुकला तर चूकही तितकीच इमानाने पोचते. स्फटिक दहा लाखांत दोन भाग सरकला, तर ४६.१५० वर सुमारे ९२ हर्ट्झ आणि ७६ मेगाहर्ट्झवर १५२ हर्ट्झ फरक पडेल.

डिटेक्टर आणि व्हीसीओ यांच्यामध्ये लूप फिल्टर असतो. खरी कसरत याचीच. तो फार ढिला ठेवला तर २५ किलोहर्ट्झचे ठोके व्होल्टेजवर उमटतात आणि मूळ सिग्नलच्या दोन्ही बाजूंना २५ किलोहर्ट्झवर नको ती शिंगं फुटतात, नेमकी शेजारच्या चॅनेलवर. फार घट्ट केला तर चॅनेल बदलल्यावर लॉक व्हायला वेळ लागतो. लूपची बँडविड्थ तुलनेच्या फ्रिक्वेन्सीच्या दहाव्या भागापेक्षा कमी ठेवायचा प्रघात यातूनच पडला.

आता बिघाडाकडे. लूप लॉकमधून सुटला की चांगला सेट ट्रान्समिशनच बंद करतो, कारण भलत्याच चॅनेलवर बोलण्यापेक्षा गप्प बसणं बरं. अशा वेळी मी आधी व्हीसीओचं कंट्रोल व्होल्टेज मोजायला सांगत असे. मीटर मात्र उच्च इम्पिडन्सचा हवा, नाहीतर मोजतानाच ते व्होल्टेज खाली येतं. ते वरच्या टोकाला चिकटलेलं सापडलं, तर लूपला व्हीसीओ मंद आहे असं वाटतंय. तसा तो खरोखर आहे का? फ्रिक्वेन्सी काउंटर लावा. फ्रिक्वेन्सी खरंच कमी असेल, तर व्हीसीओची कॉइल किंवा व्हॅरॅक्टर तपासा, बिचारा जोर लावूनही पोचत नाहीये. पण काउंटर भरपूर जास्त दाखवत असेल, तर बहुधा डिव्हायडरकडून ठोकेच येत नाहीत. डिटेक्टरला पावलं ऐकू येत नाहीत, म्हणून तो 'पळ, पळ' म्हणत सुटलाय. व्हीसीओ बदलून तिथे काही होणार नाही.

आणि सेट लॉक आहे, पण वरच्या चॅनेलवर चूक जास्त, खालच्यावर त्याच प्रमाणात कमी, असं दिसलं तर लूपला हात लावू नका. स्फटिकाचा ट्रिमर फिरवा.